हळदीचा डाग आणि पुरुषाचा आवाज

—नाही हो ताई, तब्येत ठणठणीत आहे तिची, पण रविवारचं ते प्रात्यक्षिक तेवढं रद्द करा. महिला मंडळासमोर माझ्या बायकोनं, वैजयंतीनं उभं राहायचं, पांढऱ्या शर्टाला हळद फासायची आणि तुमच्या 'धवलश्री' पावडरीनं एका धुण्यात घालवायची—असंच ना? केबलवरच्या जाहिरातीत तीच आहे, म्हणून तीच हवी—कळलं मला. पण ती सहाला ऑफिसातून येते, आणि—दार जरा ओढून घ्या—तिला धुता येत नाही. बाह्या ओल्या आहेत होय माझ्या? असू द्यात. मी पहाटे वाशीला कांदा-बटाटा मार्केटात लिलाव पुकारतो, दुपारी घरी येतो, मग धुणं कोण करणार? मीच. फक्त वाळत टाकतो आतल्या खोलीत. बाल्कनीत उभा राहून साडी झटकली तर समोरच्या विंगमधले काय म्हणतील?

आता गंमत ऐका. तुमची जाहिरात ह्याच हॉलमध्ये केली त्या केबलवाल्या कुलदीपनं. वैजयंतीच्या हातात बादली दिली—तिनं विचारलं, हिची कडी कुठल्या बाजूला येते. समोर सासू म्हणून सारसोळ्याची रंगूबाई बसवली, मासे विकायला आली होती तीच. रंगूबाईनं शर्टाकडं बघून नाक मुरडायचं, सुनेनं मान खाली घालायची, मग पावडर, मग हसू, मग नवरा तो शर्ट घालून ऐटीत ऑफिसला. नवरा मी नाही, तिसऱ्या मजल्यावरचा सुधीर—त्याच्याकडं टाय आहे. माझ्या हॉलमध्ये, माझ्या बायकोचा नवरा! आणि मी? मी आवाज. "एकच धुणं, हळद विसरा!"—तो मी. कुलदीप म्हणाला, काका, बाईचा आवाज घेतला तर गप्पा वाटतात, पुरुषाचा घेतला तर माहिती वाटते. म्हणजे बघा, धुतो मी, पण हात तिचे दाखवायचे. पावडर काय आहे ते तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही, पण सांगायचं मी. रंगूबाई तेवढी म्हणाली, "आमचा घो मासळीची जाली धुतो, त्यात काय हाय?" ते कुलदीपनं कापलं.

आणि हळद? ताई, साबण लागला की हळद लाल होते, हे काय तुम्हाला सांगायला हवं? शूटिंगलाही झाली, चांगली कुंकवासारखी. मग कुलदीपनं दुसरा कोरा शर्ट काढला, दुकानाची घडी मोडून, आणि वैजयंती त्याच्याकडं बघून हसली. रविवारी तो शर्ट कुठून आणणार?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी पावडर घेतली. सगळ्यांचे डाग लाल झाले. आता तुमच्या दुकानावर एक तरी बाई भांडायला आली का? नाही ना? का नाही? कारण जाहिरातीत पावडर कधी नापास होतच नाही, नापास होते ती सून. डाग राहिला की बाईला वाटतं, आपलाच हात बसत नाही. उज्वलावहिनी पहिल्या मजल्यावरच्या, बिचाऱ्या इथं येऊन रडवेल्या झाल्या—"वैजयंती, तुझ्यासारखं मला का गं जमत नाही?" वैजयंती आत आली, मला विचारलं, मी मोरीतून हळूच सांगितलं—उन्हात टाक म्हणावं, हळद उन्हानं उडते—तिनं बाहेर जाऊन सांगितलं. डाग गेला. श्रेय कुणाला? पावडरीला! वहिनींनी लगेच दुसरं पाकीट आणलं.

हसू नका. मीसुद्धा आणलं. हो, मी—शर्ट बदलताना डोळ्यांनी बघितलेला माणूस. रोज टीव्हीवर तो भारदस्त आवाज ऐकून ऐकून वाटायला लागलं, एवढ्या खात्रीनं सांगतोय तर असेल काहीतरी. डाग लाल राहिला तेव्हा मी म्हटलं, आपण पुरुष, आपल्याला कुठलं जमायला. चार वर्षं मी धुतोय, ताई.

काय म्हणता? मीच उभा राहू? रविवारी, सगळ्यांसमोर? गच्चीवर, उन्हात?—नको हो. पुरुष बादली घेऊन दिसला की लोक विचारतात, वहिनी माहेरी गेल्या का. तरी पण... शर्ट आधी साध्या पाण्यातून काढायचा, मग साबण, मग लाल होईल तो सगळ्यांना दाखवायचा—घाबरू नका म्हणायचं, तुमचा हात चांगलाच आहे—मग दोरीवर, चहा होईपर्यंत निम्मा उडेल. उज्वलावहिनी तरी शांत झोपतील. आणि वैजयंतीला पुन्हा खोटं हसायला नको. चालेल. येतो. माझंच नाव सांगा मंडळात, मी—

थांबा, जिन्यात कोण आहे?—या, या उज्वलावहिनी! नाही, वैजयंती यायचीय अजून. ह्या ताई पावडरीच्या, मी त्यांना तेच सांगत होतो—धुण्यातलं आपल्याला काय कळतंय. हा फेस होय कोपरावर? दाढी करत होतो. बरं ताई, तुम्ही सहानंतर या. मॅडमना भेटा. या.