कोण न्हेवक इला नाय तिका

बस रे, पेटी तुझीच आहे, पळून जात नाही. आधी चहा घे. शंकर ना तू? डॉक्टरकीच्या वरच्या वर्गातला, आमच्या जयरामला हाडं दिलीस तो — हां. जयराम मागीलदारी आहे, विहिरीपाशी. तुझ्यापुढे यायला घाबरतो. मी आजी त्याची. मास्तरांची बायको, म्हणून तुझ्याशी शुद्ध बोलते. घसरले तर चालवून घे.

सुट्टीत आला तो ही पेटी घेऊनच. कसली रे? तर म्हणे अभ्यासाची हाडं. माणसाची? माणसाची! आणि तीही अर्धीच — एका बाजूचा हात, एका बाजूचा पाय. म्हटलं, 'मेल्या, ओटीवर ठेव, माझ्या देवांसमोर नको.' पण पाठ होईना रे पोराला. इंग्रजी नाव घ्यायचा आणि अडायचा. मग मीच म्हटलं, 'माका सांग आमच्या भाषेत, म्हणजे तुझ्याय डोक्यात रवतलां.' बसलो रोज दोघं. स्कॅप्युला म्हणजे खांद्याचं फावडं. पटेला — गुडघ्याची वाटी. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खळग्यात बसवून गरगर फिरवून दाखवला त्याने. माझा खुबा कुठे कुरकुरतो ते तेव्हा कळलं. त्याच खुब्याच्या हाडाला मागे एक खाच असते. त्यात माझा अंगठा घातला. 'हलता मगे, आजी? म्हणजे बाईचां हाड. पुरुषाचां असतां तर अंगठो अडाकलो असतो.' आणि वरच्या कडेची पट्टी अजून पुरती जुळलेली नव्हती — म्हणजे विशी-बाविशीची पोर.

कोणाची रे? — विचारणारच ना मी? तर म्हणे, अनक्लेम्ड. म्हटलं, याचंही सांग आमच्या भाषेत. हाडं आवरायला लागला. पण खोटं बोलत नाही पोरगा, तेवढं एक आहे. म्हणाला, 'आजी, कोण न्हेवक इला नाय तिका.'

साखर हवी का अजून? — दुर्गा म्हणून माझी लेक होती, जयरामची आत्या. मुंबईला शिवणकामाला गेली, तापाने इस्पितळात पडली. तार इथे उशिरा आली. मास्तर मिळेल त्या बोटीने गेले आणि रिकाम्या हाताने आले. म्हणाले, वाट बघून इस्पितळवाल्यांनी दिली. कोणाला दिली, ते मास्तरांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जाळली असेल, एवढंच म्हणायचे. फार जड गेलं रे ते.

नाही, नाही, ही दुर्गा नव्हे. तेवढं कळतं मला, वेडी नाही मी. दुर्गा गेली तेव्हा हा जयराम जन्मलाही नव्हता.

उघडून काय बघतोस? रिकामीच आहे. घासून, उन्हात वाळवून ठेवलीय. जयरामचं पाठांतर संपेपर्यंत थांबले होते मी, मग भटजींना बोलावलं. खाडीच्या मुखाशी तिला नेलं, जयरामने तीळ-पाणी दिलं. गोळा, वाटी, फावडं — एकेक नाव घेऊन पाण्यात सोडलं त्याने. रागाव तू. तुझी वस्तू होती, रागावणारच. भटजींनी तिचं नाव विचारलं, तर जयराम माझ्याकडे बघत राहिला. मी दिलं नाव. मोठ्याने दिलं.

कोणाचं काय विचारतोस? — ऊठ, मालवणची गाडी इली. पेटी विसरशील.