गोठ्यात बोलतंय कोण?

…आणि वर मलाच म्हणतात, "कैलास, तुझं गावाकडचं बोलणं खरं वाटत नाही!" खरं वाटत नाही? अहो, टाकव्यात जन्मलो, शेणामातीत लोळलो, आणि हे ऐकायचं कोणाकडून, तर आमच्या रिसॉर्टच्या मॅनेजर चंद्रिका मॅडमकडून! बरं, ते बोलणं जावं म्हणून एवढी वर्षं मरमर केली ती कोणासाठी? ह्यांच्याचसाठी ना!

तुम्हाला सांगतो, लोणावळ्यात इंटरव्ह्यूला बसलो होतो तेव्हा मॅडम फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, "फ्रंट ऑफिसला लोकल मुलं नकोत हं! दादागिरी करतात, जमीन विकून गाडी घेतात, गावची यात्रा आली की गायब." फोन ठेवला आणि गोड हसून मला विचारलं, "तुम्ही कुठले?"

"तळेगाव. स्टेशनजवळ."

मीच दचकलो. आता हे बोललं कोण?

तिथून जे सुरू झालं! मिशी गेली, हातातलं कडं गेलं. सकाळी आई कपाळाला भंडारा लावायची, तो मी कामशेतला मोटरसायकल बाजूला घेऊन बाटलीतल्या पाण्यानं धुवायचो, आणि धुताना इकडंतिकडं बघायचो, चोरी केल्यासारखा. 'लय'चं 'खूप' झालं, 'व्हय'चं 'नक्कीच सर' झालं. हसायचं ते बेतानं, कारण आमचं हसणं म्हणे अंगावर येतं! गेस्ट ओरडला की तोंडात आधी गावचं येणार, ते गिळायचं, मग डोक्यात दुसरं वाक्य जुळवायचं, मग "सो सॉरी सर". दिवसभर! संध्याकाळी जबडा असा दुखायचा की शेवटी दाताच्या डॉक्टरकडं गेलो. ते म्हणाले, "दात उत्तम आहेत. एवढं दाबून काय धरता?" आता काय सांगू ह्यांना… काय दाबून धरलंय?

आणि तो पवन! लोहगडवाडीचा, हाउसकीपिंगला. माझ्या मामाच्या शेजारचा. एका विहिरीत पोहायला शिकलो आम्ही. रिसेप्शनचा मुकुल उशिरा आला तर ट्रॅफिक, आणि पवन उशिरा आला तर "ही लोकल मुलं ना…!" एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. मी म्हणालो, "गुड मॉर्निंग पवन, कसं चाललंय?" तो खाली बघत म्हणाला, "ऑल गुड, सर." अहो, लिफ्टमध्ये तिसरं कोणी नव्हतं! मग आम्ही भीत कोणाला होतो? आणि बोललं कोण?

तर परवा मॅडमनी काढली 'गावरान संध्याकाळ'. चूल, पिठलं, बैलगाडी, सगळं. गाडीवान कोण? मी पवनचं नाव सुचवलं. "नको, तो फारच खराखुरा आहे, गेस्ट घाबरतील. तू कर. थोडंसं गावठी बोल, झालं!" मी फेटा बांधला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला, तोंड उघडलं… "शुभ संध्याकाळ, हा आमचा बैल आहे." मॅडमनी कपाळावर हात मारला. आणि मला घाम फुटला हो, कारण मी दुसरं काही शोधत होतो आणि ते सापडतच नव्हतं.

आज मंगळवार, सुट्टी. रात्रपाळी संपवून घरी आलो तो थेट गोठ्यात. पाखऱ्या आमचा शर्यतीचा बैल, वासरू होता तेव्हापासून मी राखलेला. शर्यतीच्या घाटात माझी आरोळी ऐकली की कान टवकारायचा, उधळायचा! म्हटलं, माझा आवाज कोणाकडं राहिला असेल तर ह्याच्याकडं. दिली आरोळी. पाखऱ्या कडबा चघळत राहिला. पुन्हा दिली. तेव्हा कुठं त्यानं मान वळवली, आणि दाव्याला ताण देत मागं सरला… परका माणूस आला की सरतो ना, तसा.

तेवढ्यात घरातून आईचा आवाज, "कोन हाय वो गोठ्यात? कैलास न्हाई घरी, पावनं! कामाला गेलाय."

तुम्हाला सांगतो, छातीत नुसतं 'आये, मीच हाय' दाटलेलं. रडू येत होतं. आणि तोंडातून काय आलं?

"काही हरकत नाही मॅडम, मी थांबतो."

आई दारात आली. माझ्याकडं बघत उभी राहिली. आत गेली आणि चहा घेऊन आली… पाहुण्यांच्या कपबशीत. मला हो, मला! मी "थँक्यू" म्हणालो.

तेव्हापासून ओट्यावर बसलोय. कैलासची वाट बघतोय. आला तर बरंच आहे… नाहीतर उद्या सकाळची ड्यूटी आहेच, तिथं त्याची गरजही नाही.