दार उघडत नाही

—नाही, नाही, थांब. पहिल्याच ओळीला रडायचं नाही, बाई. रडलीस की संपलं, मग पुढच्या सात ओळी काय करशील? आणि हलू नकोस, झग्याच्या टाचण्या लागतील. तुझ्या त्या परीक्षक मंडळींना उद्या रडकी मुलगी नकोय, रडक्या मुली त्यांच्याकडे सकाळपासून पन्नास येतील. हे स्वगत आहे हे विसर घटकाभर. नुसती कविता म्हणून वाच. आठच ओळी. गावात साथ आलीय, वेस बंद, उजाडेपर्यंत कुणालाही आत घ्यायचं नाही असा हुकूम, आणि राखणदारिणीची सख्खी बहीण बाहेरून दार ठोठावतेय— एवढं माहीत असलं की पुरे. बाकी सगळं क्रियापदांत आहे. मी बारा वर्षं ही बाई उभी केली, मला विचार.

पहिली ओळ बघ. ‘उघडीन मी हे दार, बहीण आहे बाहेर.’ उघडीन! आहे का शंका? नाही. ‘मी’ आहे, ‘दार’ आहे, सगळं जागच्या जागी. दुसरी— ‘हुकूम राहो हुकूम, रक्त आधी, मग वेस.’ अजून ठाम. पण ठाम माणसाला दुसरी ओळ लागते कशाला, सांग? उघडायचं तर उघड ना! हात कडीवर हवा, आणि ही बोलत बसलीय. तिथेच पाल चुकचुकायला हवी. जोर लावू नकोस तिथे, उलट थोडी घाई कर, स्वतःलाच पटवल्यासारखी. हां. तशी.

आता तिसरी. ‘उघडावे का पण मी? आत निजली लेकरे.’ उघडीनचं उघडावे झालं. निश्चय गेला, सल्ला आला. आणि तो ‘पण’ बघ कुठे घातलाय, ‘मी’च्या अगदी तोंडाशी. मघाशी ‘मी’ क्रियापदाच्या लगेच मागे होती, आता ओळीच्या अर्ध्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली, पळायला सोपं पडेल अशी. आणि लेकरं? पहिल्या दोन ओळींत लेकरं होती का कुठे? नव्हती. म्हणजे भीती आधी आली, कारण मागाहून आलं. असंच होतं गं. माणसाला आधी नको वाटतं आणि मग कारणं सापडतात, आणि चांगली, खरी कारणं सापडतात, खोटी नव्हेत! ‘एकच बहीण माझी, लेकरे तर शंभर.’ लगेच तराजू काढला. आता शंभराशी भांडणार कोण?

हात खाली घे, बाही टाचते. पाचवी म्हण. ‘उघडले असते मी, एकटी असते जर.’ बघ, बघ काय केलंय! दार अजून समोर आहे, बहीण अजून ठोठावतेय, आणि ही म्हणते उघडलं असतं. जे अजून व्हायचंय ते हिने होऊन गेल्यासारखं करून टाकलं. मी पहिली चार वर्षं ही ओळ छाती पुढे काढून म्हणायचे— त्याग, कर्तव्य, टाळ्या. गाढव होते. ही ओळ त्यागाची नाही, सबबीची आहे.

आणि सहावी. बोटं मोज माझ्याबरोबर. प्रत्येक ओळीच्या अर्ध्यात आठ अक्षरं आहेत, सगळीकडे. उ-घ-डी-न-मी-हे-दा-र, आठ. आता मोज— थां-ब-ऐ-कू-दे-ज-रा. किती? सात. लिहिणाऱ्याची चूक नाही ती, एक अक्षर त्याने मुद्दाम रिकामं सोडलंय. तिथे श्वाससुद्धा घ्यायचा नाही, तिथे ऐकायचं. कारण पुढे काय येतं? ‘थकला वाटते हात.’ ठोठावणं थांबलंय! सगळे सातव्या ओळीला निर्णय दाखवतात. चूक. हिचा निर्णय झालाच नाही. ही ठरवत बसली आणि बाहेरचीचा हात थकला. त्या सातव्या आणि आठव्या अक्षराच्या मधे ती पायऱ्या उतरली, तुला कडेवर घेऊन—

काय?

काही नाही. कुणाला कडेवर? मी म्हणाले, ती वेशीवरून वळली. बोलण्याच्या ओघात जीभ घसरली. सातवी घे. ‘दार उघडत नाही, कडी जड झाली आहे.’ मी गेली. दिसली? पाच ओळींत तीनदा ‘मी’ आली आणि इथे कर्ता कोण तर दार! दारच उघडत नाही, ही बिचारी काय करणार? आणि आठवी, ‘वेस ही राखली गेली. उजाडले म्हणे आता.’ राखली गेली. कुणी राखली? ‘म्हणे’— म्हणजे उजाडलेलंही हिने स्वतः पाहिलं नाही, कुणीतरी सांगितलं. आठ ओळी संपल्या आणि ‘मी उघडणार नाही’ हे वाक्य कुठेच नाही. शोध. सापडणार नाही. मी बारा वर्षं शोधलं.

अशी बघू नकोस माझ्याकडे. टाचणी लागेल.

बरं. बस त्या स्टुलावर. आली होती तुझी आई. दुपारची वेळ, मी शिवत बसले होते, हे कामावर. तू दीड वर्षांची. तिच्या गालावर असा— राहू दे. मी साखळी न काढता दार किलकिलं केलं आणि काय म्हणाले माहितीये? ‘घेते गं तुला आत.’ अगदी मनापासून! मग म्हणाले, घ्यायला हवं, पण तुझा नवरा इथेच शोधत येईल, तमाशा होईल. मग म्हणाले, माझं एकटीचं घर असतं तर गोष्ट वेगळी, सासूबाई आहेत, संध्याकाळी ह्यांना विचारते, तोवर जिन्यात बस. ती ‘बरं, ताई’ म्हणाली. बसली. तुझं रडणं ऐकू येत होतं, मी मशीन चालवत राहिले म्हणजे ऐकू येणार नाही. मग मशीन थांबवलं तर काहीच ऐकू येईना. ती गेली होती, त्याच घरी परत. चार महिन्यांनी ती वारल्याचा निरोप आला. ताप होता असं म्हणतात, ताप असेलही. तुला जे सांगितलं ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही.

म्हणून ना तुला वाढवलं? लोक म्हणतात, मावशीने पोरीचं सोनं केलं. त्याने काय फिटतं गं? काही नाही. तुला जेवू घालताना, वेणी घालताना मला जिनाच दिसायचा. नाटक मी त्यानंतर केलं. दिग्दर्शक म्हणाले, बाई, तुम्हाला ही भूमिका कशी समजली? मी म्हटलं, व्याकरणाने.

काय विचारलंस? मोठ्याने बोल. —मी ‘नको’ म्हणाले होते का? नाही. तेच तर सांगतेय तासभर, मी ‘नको’ म्हणालेच नाही, परिस्थितीच तशी— बरं. बरं. ओरडू नकोस. म्हणते.

मी उघडलं नाही. माझी बहीण बाहेर होती, तू होतीस, आणि मी दार उघडलं नाही. मी.

झालं? हलकं वगैरे काही वाटत नाही, सांगून ठेवते. तुलाही वाटणार नाही.

झगा काढ, टाचण्या जपून. उसवलेली बाही मी सकाळपर्यंत करून ठेवते, हवं तर कुणाला तरी पाठव झगा घ्यायला, तू स्वतः नाही आलीस तरी चालेल. दहाची वेळ आहे ना? साडेनऊला पोच. आणि सातवं अक्षर झालं की थांब, विसरू नकोस. पोचलीस की फोन कर.

नको करूस, बरं. जा.