हिराची वाघबारस

अरे, शाळेच्या दिवाळी अंकाचा मी संपादक होतो ना, तेव्हाची गंमत. शुभेच्छांच्या एका पानात मी दिवाळी, ईद, नाताळ, गुरुनानक जयंती, सगळं कोंबलं. अक्षर मुंगीएवढं झालं. प्रूफ वाचताना माझी सहसंपादक हिरा, सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यावरची, म्हणाली, "आमची वाघबारस नाय यात."

"म्हणजे वसुबारस?"

"तुम्ही गाय पुजता, आम्ही वाघोबा."

"आता एक ओळसुद्धा मावायची नाही!"

तिने लाल पेनाने अख्खी यादीच खोडली. मी ओरडलोच. तिने शांतपणे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'तुमच्या घरी जो सण असेल, त्याच्या शुभेच्छा! डबा आणताना आम्हाला विसरू नका.'

पान बघून बाई खूश होऊन म्हणाल्या, "संपादक कोण रे?"

मी गपचूप हिराकडे बोट दाखवलं.