गेट उघडण्याची वेळ

संध्याकाळी बसस्टॉपच्या बाकावर माझ्या शेजारी एक मुलगा आणि एक मुलगी बसली होती.

"पुन्हा घड्याळ? कंटाळा आला असेल तर सरळ सांग."

"वेडा आहेस का? साडेसातला होस्टेलचं गेट बंद होतं. उशीर झाला की रेक्टरबाई थेट बाबांना फोन लावतात."

"मी बेकरीतून सातला सुटतो. म्हणजे रोज एवढंच भेटायचं?"

"सकाळी भेटू. साडेपाचला गेट उघडतं."

"इतक्या पहाटे सोडतात?"

"पळायला जाते म्हटलं की कुणी काही विचारत नाही. उलट कौतुकच होतं."

"त्यासाठी बूट लागतात, बाईसाहेब. चपलेत कोण पळतं?"

"कालच घेतलेत."