फायरफॉक्समधलं मुकं बटण

आमच्या बारावीच्या निकालाची आदली संध्याकाळ आठवली की मले अजून हसू येते. भद्रावतीच्या नेट कॅफेत मी निकालाची साइट आधीच तपासून घेत होतो. फायरफॉक्समध्ये आसन क्रमांक टाकून बटण दाबलं, तर काहीच होईना.

कॅफेवाला सलीमभाऊ म्हणाला, “घाबरतो काऊन? या बटणामागचा कोड एक्सप्लोररसाठी लिहिला हाय. फायरफॉक्सले तो समजत नाई.”

एक्सप्लोररमध्ये तेच बटण दाबलं आणि लगेच पान आलं: ‘निकाल उद्या जाहीर होईल.’

“उघडलं एकदाचं,” मी जोरात म्हणालो.

बाहेर थांबलेल्या बाबांनी तेवढंच ऐकलं आणि मी पास झालो असं धरलं. मी बाहेर येईपर्यंत त्यांनी शेजारच्या हॉटेलातून पेढे घेऊन रस्त्यावरच्या सगळ्यांना वाटले होते.

“बाबा, नुसती साइट उघडली. निकाल उद्या हाय.”

बाबांनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं. “मंग उद्या पास व्हाच लागते तुले. पेढे तर लोकाइनं खाऊन टाकले.”