बहाला नेमका कुणाचा?

अहो, हसताय काय? हसण्यासारखं काय आहे यात? माझं घर... अख्खं घर, छपरासकट, शिडीसकट, सासऱ्यासकट... नदीच्या मधोमध उभं, खाली वीसेक बाप्ये छातीभर पाण्यात, काठावर मी घसा फोडून ओरडतेय, आणि सगळ्यांच्या तोंडी काय? बहाला ना! मी म्हणते, हा शब्द ज्याने पहिल्यांदा काढला ना, त्याला आणा आणि माझ्या घराखाली उभा करा. डाव्या कोपऱ्यात. तिथेच सगळ्यात जास्त वजन येतं!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही पेतांग उगाच तणतणतेय.

आमचं घर नदीकाठी. बांबूचं, वर झावळ्यांचं छप्पर, खाली खांब. आणि पावसाळा आला की नदी आमच्या अंगणाचा एकेक घास घेणार. आधी पेरूचं झाड गेलं. मग डुकराचं खुराडं गेलं. डुक्कर तेवढं वाचलं, कारण घरात अक्कल असलेलं तेच एक, आपल्या पायांनी निघून गेलं! मग नदी आली शिडीपाशी. मी नवऱ्याला म्हटलं, "क्रिसांतो, आता शिडी जाईल, मग आपण जाऊ. घर हलवायला हवं." तो झोपाळ्यात. एक पाय खाली, बोटाने जमिनीला रेटा देतोय. डोळे न उघडता काय म्हणाला?

"बहाला नाऽऽऽ..."

त्या 'ना'मध्ये तुम्हाला सांगते एक अख्खी जांभई मावली. बाहेर आली ती निम्मीच, निम्मी आत गेली.

आता बहाला म्हणजे काय हो? भार! जिम्मा! साधा, वजनदार, कामाचा शब्द. 'आको आंग बहाला' म्हणजे माझ्यावर सोड, मी बघतो. 'इकाव आंग बहाला' म्हणजे तू ठरव, तुझ्यावर सोपवलं. इथपर्यंत ठीक, निदान कुणाचं तरी खांद्याचं हाड त्यात अडकलेलं आहे. पण 'बहाला ना'? हा जिम्मा कुणाचा? माझा नाही, तुझा नाही, जे होईल ते होईल. म्हणजे भार आहे, पण उचलणारा कोण ते विचारायचं नाही! माझ्या सासूबाई होत्या तेव्हा त्याही म्हणायच्या, पण त्यांची तऱ्हा वेगळी. भात शिजवून, पोरं निजवून, कोंबड्या कोंडून, दार लावून मग क्रूस काढायच्या छातीवर आणि हळूच म्हणायच्या, "दियोस ना आंग बहाला." आता देवाने बघावं. त्यांना शोभायचं, कारण देवासाठी त्यांनी काम फारसं शिल्लक ठेवलेलं नसायचं. आमच्या साहेबांनी देवासाठी सगळंच शिल्लक ठेवलेलं!

बरं, मी गेले गावच्या कप्तानाकडे. कप्तान रुफो. पोट पुढे, शिट्टी गळ्यात. शिट्टी कशाला? तर कप्तान आहे म्हणून! म्हटलं, घर हलवायचंय, नदीपलीकडे चॅपेलमागे आमच्या वाट्याची जागा आहे तिथे. त्याने छातीवर थाप मारली, अशी... "आको आंग बहाला, पेतांग! माणसं? आको आंग बहाला! वाट? आको आंग बहाला! जागेवर केळी माजल्यात त्या तोडायच्या? आको आंग बहाला!" मला इतका आनंद झाला की मी त्याला खोबऱ्याच्या दुधातला आख्खा खेकडा वाढला. त्याने दोन्ही नांग्या चोखल्या.

खोटं कशाला बोलू, माणसं आली. सकाळी सकाळी आली, हसत, खाकरत, खांद्यावर फडकी टाकून. घराखालून उभे बांबू घातले, आडवे बांबू घातले, वेताने करकचून बांधले. मी भांडी, पेटी, देवाच्या मूर्ती सगळं शेजारणीकडे नेलं. घर रिकामं झालं... असं मला वाटलं. वर बघते तर खिडकीत कोण? ताताय मेलेसिओ! माझा सासरा! मांडीवर झुंजीचा कोंबडा घेऊन!

"ताताय, उतरा खाली!"

"का म्हणून? घर मी बांधलंय. घर जाईल तिथे मी जाईन."

"अहो, पण ही माणसं उचलणार कशी तुम्हाला?"

"घराला उचलतायत ना? मी आतच आहे."

"पडलात म्हणजे?"

आणि म्हातारा पायावर पाय टाकून, कोंबड्याच्या मानेवरून हात फिरवत, "बहाला ना." हा अजून वेगळा! यात जांभई नाही, यात नुसता हट्ट. हनुवटी वर करून म्हटलेला बहाला ना म्हणजे 'बोलणं संपलं, जा आता.' आणि खालचे बाप्ये खदाखदा हसतायत! एकजण म्हणतो, "ताताय, लोकांना शेवटी एकदा खांदा मिळतो, तुम्ही आधीच घेताय!" म्हातारा म्हणतो, "चांगला जमतोय का बघून ठेवतो." आणि माझा नवरा? बापाला खाली उतरवेल? छे! पुढच्या बांबूखाली खांदा लावून उभा राहिला, म्हणाला, "जाऊ दे गं पेतांग. बहाला ना." पुन्हा! माझ्या हातात झाडू होता. देवाने तो हात आवरला, मी नाही.

शिट्टी वाजली. एक, दोन, तीन... आणि घर उठलं! खरं सांगते, त्या क्षणी मी माझा राग विसरले. घराला पाय फुटले हो! चाळीस पाय! माडांमधून झुलत निघालं, वर खिडकीत सासरा, राजासारखा दोन्हीकडे मान हलवतोय, कोंबडा आरवतोय...

आणि आला नदीचा उतार, पलीकडे जायची जागा. पूल आहे, पण एका माणसापुरता, घर कुठून जाणार? म्हणजे पाण्यातूनच. मी कप्तानाला विचारलं, "पाणी किती आहे बघितलंत? वर डोंगरात काळं झालंय." तो म्हणाला, काय म्हणाला? सांगा! अगदी बरोबर. "बहाला ना!" पण त्याचा अजून निराळा, लग्नात लोक आरोळी ठोकतात तसला, चढवून, सगळ्यांना जोर यावा म्हणून. आणि गंमत म्हणजे त्या आरोळीने सगळ्यांना जोर आला! सगळे ओरडले, "बहाला ना!" आणि उतरले पाण्यात. स्वतः कप्तान? तो माझ्यामागून पुलावरून पलीकडच्या काठावर. शिट्टी भिजेल ना!

मधोमध गेले आणि पाणी चढायला लागलं. गुडघ्याचं कमरेला, कमरेचं छातीला. गढूळ, लाल, वरून काटक्या वाहत येतायत. एकाचा पाय घसरला, घर डावीकडे कललं, आतून धप्पकन आवाज आला. मी किंचाळले, "ताताय!" खिडकीतून आधी कोंबडा दिसला, मग म्हातारा. तोंडचं पाणी पळालेलं. हट्ट कुठच्या कुठे! हसणं सगळ्यांचं बंद. नुसता पाण्याचा आवाज.

क्रिसांतो सगळ्यात पुढे. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, बांबूखाली वळेना. ओरडला, "कप्तान! पुढे का मागे?"

आणि तो शिट्टीवाला, तो खेकडेखाऊ, तो छातीवर थापा मारणारा, काठावरून काय ओरडला?

"इकाव आंग बहाला, क्रिसांतो!"

सुसमार्योसेप! येशू, मारिया, योसेफ, तिघांचीही शपथ! तू ठरव, म्हणे! अहो, सकाळपर्यंत सगळं 'आको, आको' होतं, आणि पाणी छातीला लागल्यावर 'इकाव'? मी त्याची शिट्टी धरली आणि ओढली. दोरी मजबूत होती, म्हणून गळा थोडा आवळला. आवळू दे!

पण तेवढ्यात मी नदीकडे बघितलं. माझा नवरा... ज्याला मी झोपाळ्यातून उठताना कधी वेळेवर पाहिलं नाही... त्याने एक पाय पुढे टाकून तळ चाचपला. मग दुसऱ्या बाजूला चाचपला. मागच्यांना म्हणाला, "डावीकडच्यांनी थांबा. उजवीकडच्यांनी आधी. मी सांगतो तसं." वर बघून म्हणाला, "ताताय, मधल्या खांबाला मिठी मारा. कोंबडा सोडा." आणि म्हाताऱ्याने सोडला, तुम्हाला सांगते, जन्मात पहिल्यांदा मुलाचं ऐकलं. मग क्रिसांतोने बांबू खांद्यावर नीट बसवला, श्वास घेतला आणि दात आवळून म्हणाला,

"बहाला ना."

ओरडला नाही. अगदी छोटा, कोरडा. काठापर्यंत जेमतेम आला. करायचं ते सगळं करून झालेल्या माणसाचा. तेच शब्द हो! तोच माणूस! पण त्यात जांभई नव्हती, त्यात चाळीस पाय होते. मी तोंड उघडलं होतं ओरडायला, ते तसंच राहिलं. मी पण म्हटलं, मनात. सासूबाई म्हणायच्या तसं.

आणि ते आले. एकेक पाऊल, एकेक पाऊल, चिखलातून वर. घर वर आलं, पाणी गळतंय, म्हातारा खांबाला चिकटून, कोंबडा पोहत नाही पण कसा कोण जाणे त्यांच्या आधी काठावर. मी क्रिसांतोचा खांदा बघितला, सोलून निघालेला. रडले मी. झालं? संपलं?

कुठलं संपतंय! चॅपेलमागे पोचतो तर काय, केळी जागच्या जागी! घड लटकतायत, पानं डोलतायत, आमचं स्वागत करतायत! मी कप्तानाकडे वळले. तो वळला माडाकडे. "विसरलो गं," म्हणतो. त्या बाप्यांचे खांदे सुजलेले, पाय लटलटतायत, घर अजून डोक्यावर! ते म्हणाले, "आता जिथे सपाट दिसेल तिथे." सपाट कुठे दिसावं? समोर. छान झाडलेलं, मोकळं, आते कोन्सोर्सियाचं, म्हणजे कोन्सोर्सियाताईचं, खोबरं वाळवायचं अंगण! ठेवलं धाडकन. बसले सगळे पान्सितच्या शेवयांच्या पातेल्याभोवती, नारळाची दारू फिरली, गाणी सुरू!

आणि आली ती. आते कोन्सोर्सिया. गावात ही बाई कंजूषासारखी शब्द वापरते, मोजून. हातात खोबरं ओढायचा दांडा. तिने घराकडे बघितलं. खिडकीत म्हाताऱ्याने तिला नमस्कार केला. जेवणाऱ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "आते... चुकून... केळी निघाल्या की हलवू... तोवर राहू का?"

तिने दांडा काखेत मारला. मग वळली, आणि जाता जाता म्हणाली,

"बहाला का."

झालं! आता याचं काय करायचं? हा 'का' प्रश्नाचा नव्हे, 'का' म्हणजे तू! 'बहाला का' म्हणजे 'बघ बाई तुझं तू.' पण कसलं? 'तुला हवं ते कर, माझी हरकत नाही' असलं, की 'कर, मग बघते तुला' असलं? आवाज सपाट! वर नाही, खाली नाही! क्रिसांतो म्हणतो, परवानगी आहे. सासरा म्हणतो, धमकी आहे. कप्तान म्हणतो, "आको आंग बहाला, मी विचारून येतो," आणि अजून गेलेला नाही. माणसांना परत बोलवावं, तर त्यांचे खांदे दुखतायत. ती रोज दारावरून जाते, घराकडे बघते, आणि गप्प जाते. विचारायची हिंमत माझ्यात नाही. विचारलं आणि दुसऱ्यांदा वेगळ्या आवाजात म्हणाली तर?

म्हणून तुम्हाला सांगते, मी खिडकीला पडदे लावलेत. पण खिळे अर्धेच ठोकलेत.